देणगीचं आवाहन पत्र: मागताना काय लिहायचं, आणि नंतर काय कळवायचं

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या छोट्या धर्मादाय संस्थांच्या विश्वस्तांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय दिसायला साधा आहे. संस्थेला पैसे हवे असतात, म्हणून आपण देणगीदारांना पत्र लिहितो. बहुतेक पत्रांत काय असतं? संस्थेची स्थापना, कार्याचा आढावा, "समाजातील दानशूर व्यक्तींनी सढळ हस्ते मदत करावी" हे वाक्य, आणि खाली बँकेचा खाते क्रमांक. या पत्राला पैसे येतच नाहीत असं नाही. ओळखीच्या माणसांकडून येतात. पण पुढच्या वर्षी तीच माणसं फोन उचलत नाहीत, तेव्हा आपल्याला कोडं पडतं.

आमचं म्हणणं असं की आवाहन पत्र हे विनंतीचं पत्र कमी आणि कराराचं पत्र जास्त असतं. ज्या कामासाठी म्हणून आपण पैसे मागतो, त्याच कामासाठी ते वापरायला विश्वस्त बांधले जातात. म्हणून या पत्रातला प्रत्येक शब्द आठ-दहा महिन्यांनी आपल्यासमोर परत येणार आहे, हे धरूनच ते लिहायचं. आज आपण दोन गोष्टी पाहू. एक आपल्याच भागातलं जुनं उदाहरण आणि दुसरं एक पत्र, जे आपण इथेच आकड्यांसकट तयार करू.

केडगावपर्यंत आलेला पैसा

दौंड तालुक्यातलं केडगाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं स्टेशन. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, हेही माहीत असतं. पण ती संस्था उभी राहण्याआधी पैसा कसा गोळा झाला आणि त्याचा हिशेब कसा दिला गेला, याकडे आपण फारसं बघत नाही.

रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाचं. १८८७ साली त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियाला निघालं. त्या पुस्तकाचा शेवट म्हणजे एक आवाहनच आहे. आधीच्या प्रकरणांत परिस्थिती मांडली आणि शेवटी, आम्हाला विधवांसाठी निवास आणि शिक्षणाची सोय असलेली शाळा काढायची आहे, असं स्पष्ट मागणं केलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी छोटी मंडळं झाली, आणि सभासदांनी दरवर्षी ठरावीक छोटी रक्कम द्यायचं वचन दिलं. ते वचन किती काळाचं? दहा वर्षांचं. कायमचं नव्हे.

ही मुदत फार महत्त्वाची आहे. देणाऱ्याला कळलं की आपण कशात आणि कधीपर्यंत गुंततो आहोत. घेणाऱ्यालाही कळलं की दहा वर्षांनी हा पैसा थांबू शकतो. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं, आणि बोस्टनची समिती दरवर्षी खजिनदाराच्या हिशेबासह अहवाल छापत राहिली.

आता अडचण कुठे आली ते पाहा. असोसिएशनच्या देणगीदारांत वेगवेगळ्या पंथांचे लोक होते, आणि सदनात कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही, मुलींनी आपापला धर्म पाळावा, ही अट होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. रमाबाईंच्या मते त्यांनी कोणालाही शिकवण दिली नव्हती. पुण्यातल्या पालकांच्या आणि सल्लागार मंडळातल्या लोकांच्या मते अट मोडली होती. १८९३ साली वाद पेटला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. बोस्टनची समिती मात्र रमाबाईंच्या पाठीशी राहिली.

त्या वादात कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. आपल्या कामाचा भाग एवढाच की "धार्मिक शिकवण नाही" हा एकच शब्दप्रयोग बोस्टनमध्ये, रमाबाईंच्या खोलीत आणि पुण्याच्या वाड्यांत तीन अर्थांनी वाचला गेला. अट घातली होती, पण ती कृतीच्या भाषेत लिहिलेली नव्हती. मुली प्रार्थनेला येऊन बसल्या तर चालेल का? पालकांची लेखी संमती लागेल का? हे आधी लिहिलं गेलं असतं तर निदान भांडण कशावर आहे ते तरी स्पष्ट झालं असतं. म्हणून पत्रात गुणवाचक शब्द येतो तिथे आपण थांबायचं. "सर्वांगीण विकास", "गरजू", "संस्कारक्षम". प्रत्येकाच्या जागी विचारायचं, म्हणजे नेमकं काय होणार आणि काय होणार नाही?

दुसरी गोष्ट केडगावची. दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार हे रमाबाईंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, फळझाडं लावून शाळेला स्वतःचं उत्पन्न मिळावं या हेतूनं. म्हणजे जमीन आली ती उत्पन्नासाठी. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली आणल्या, पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, आणि मग त्या मुलींना ठेवायला जागा उरली ती केडगावचीच. फळबागेची जमीन निवाऱ्याची जमीन झाली. हेतू बदलला. पण बदल लपवला नाही. दुष्काळाचे अनुभव छापून देणगीदारांना कळवले गेले आणि १८९८ साली रमाबाई स्वतः पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुनी असोसिएशन मुदतीप्रमाणे संपली आणि नवी, अमेरिकन रमाबाई असोसिएशन, तिच्या जागी उभी राहिली. जुन्या वचनाला नवं काम चिकटवलं नाही, नवं वचन घेतलं.

मुदत, कृतीच्या भाषेतली अट आणि हेतू बदलला तर नवं मागणं, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. आता आजच्या काळात येऊ.

एक पत्र तयार करू

आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर या बाजूंनी ऊसतोड टोळ्या येतात, कारखान्याजवळ किंवा गावाबाहेरच्या माळावर कोप्या पडतात, आणि त्यांच्याबरोबर मुलं येतात. गावाकडच्या शाळेत त्यांचं नाव असतं, इथे ती दिवसभर पाचटात खेळतात किंवा धाकट्यांना सांभाळतात. समजा, एका छोट्या संस्थेला अशा तळावर हंगामापुरता वर्ग चालवायचा आहे. खालचे सगळे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. तुमचे दर तुम्ही तुमच्या बाजारातून घ्यायचे.

चाळीस मुलं आणि १२० दिवस धरू. म्हणजे ४,८०० मूल-दिवस. हा शब्द जरा विचित्र वाटेल, पण तो लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

- दुपारचं जेवण, मुलामागे दिवसाला ३० रुपये: १,४४,००० रुपये
- दोन शिक्षिकांचं मानधन, दरमहा ९,००० प्रमाणे चार महिने: ७२,००० रुपये
- पत्र्याची शेड, चटया, पिण्याच्या पाण्याची टाकी: ३०,००० रुपये
- पाटी, पुस्तकं, दप्तर, मुलामागे ६००: २४,००० रुपये
- शिक्षिकांचा प्रवास, महिन्याला २,५०० प्रमाणे: १०,००० रुपये
- हिशेबनीस, लेखापरीक्षण, पावत्या, अहवालाची छपाई: २०,००० रुपये

बेरीज ३,००,००० रुपये.

शेवटची ओळ बऱ्याच संस्था लिहीत नाहीत. देणगीदाराला वाटेल पैसे ऑफिसात जातात, अशी भीती असते. मग होतं काय, तो खर्च तर होतोच, आणि तो जेवणाच्या किंवा प्रवासाच्या ओळीत घुसतो. वर्षाअखेरीला लेखापरीक्षक विचारतो तेव्हा उत्तर नसतं. वीस हजार म्हणजे शंभरातले पावणेसात रुपये. ते लिहा, आणि त्यातून काय होतं तेही लिहा: "तुम्हाला जो हिशेब मिळेल तो या पैशातून तयार होईल."

"एका मुलाचा खर्च ७,५०० रुपये" या वाक्यातला धोका

तीन लाखाला चाळिसाने भागलं की ७,५०० येतात. हे वाक्य पत्रात फार छान दिसतं. देणगीदाराला रक्कम समजते आणि तो एका मुलाचा खर्च उचलतो. पण हिशेब नीट पाहा.

आपल्या खर्चात दोन जाती आहेत. जेवण आणि साहित्य मुलांच्या संख्येबरोबर बदलतं. ते मुलामागे ४,२०० रुपये होतं. शिक्षिका, शेड, प्रवास आणि ऑफिस मिळून १,३२,००० रुपये हे मुलं किती आली याच्याशी बांधलेले नाहीत. समजा चाळिसाऐवजी तीस मुलं आली. वाचतात दहा गुणिले ४,२०० म्हणजे ४२,००० रुपये. पण ज्यांनी दहा मुलांचे ७५,००० दिले, त्यांना वाटेल आपले ७५,००० शिल्लक आहेत. आता त्यांच्यापैकी एकाने फोन करून विचारलं, "आमचा मुलगा कोणता?" तर आपण काय सांगणार?

म्हणून "एका मुलाचा खर्च" असं लिहायचं असेल तर पुढचं वाक्य लगेच लिहावं: देणगी सबंध वर्गासाठी वापरली जाईल, ठरावीक मुलाच्या नावाने ठेवली जाणार नाही. एका ओळीचं काम आहे, पण पुढचे सगळे गैरसमज तिथेच टळतात.

कमी पैसे आले तर, जास्त आले तर

सगळ्यात जास्त वाद या दोन प्रश्नांवर होतात, आणि पत्रात त्यांचं उत्तर जवळजवळ कधीच नसतं.

कमी आले तर काय, हे आधी ठरवा. आपल्या उदाहरणात एकच वर्ग, वीस मुलं आणि एक शिक्षिका घेतली तर मुलांचा खर्च ८४,०००, एक मानधन ३६,०००, आणि शेड, प्रवास, ऑफिस मिळून ६०,०००. एकूण १,८०,०००. ही आपली किमान रक्कम. याच्या खाली वर्ग चालतच नाही. मग लिहायचं की ३१ ऑक्टोबरपर्यंत १,८०,००० जमले नाहीत तर प्रत्येक देणगीदाराला विचारू, पैसे परत हवेत की संस्थेच्या दुसऱ्या नमूद कामाला चालतील. लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत.

जास्त आले तर काय, हेही लिहा. "शिल्लक राहिल्यास ती पुढच्या हंगामातील याच वर्गासाठी राखून ठेवू." हे वाक्य नसेल तर शिल्लक रक्कम कोणत्या हेतूची हा प्रश्न कायद्याचा होतो. हेतूला बांधलेला पैसा विश्वस्त मंडळाच्या साध्या ठरावाने दुसरीकडे वळवता येत नाही. मूळ काम अशक्यच झालं तर धर्मादाय कायद्यात त्याला वेगळा मार्ग आहे, पण तो लांबचा आणि खर्चिक आहे. एका ओळीने तो टळतो.

पत्राचा मसुदा

आता हे सगळं एका पत्रात बसवू. एक पान पुरतं.

> सप्रेम नमस्कार.
>
> येत्या हंगामात नोव्हेंबर ते मार्च या काळात आपल्या गावाबाहेरील ऊसतोड तळावर ६ ते १२ वयाच्या मुलांसाठी रोज चार तासांचा वर्ग आणि दुपारचं जेवण, असं काम आम्ही करणार आहोत. चाळीस मुलं आणि १२० दिवस असा अंदाज आहे. खर्च ३,००,००० रुपये. त्याचा तपशील मागच्या पानावर आहे.
>
> या कामात परीक्षा किंवा नवीन शाळाप्रवेश नाही. मुलं गावी परतताना त्यांच्या मूळ शाळेला दाखवण्यासाठी हजेरीचं लेखी पत्र देणं हे आमचं काम आहे.
>
> देणगी सबंध वर्गासाठी वापरली जाईल. ३१ ऑक्टोबरपर्यंत किमान १,८०,००० रुपये जमले तर वीस मुलांचा एक वर्ग सुरू करू. तेवढे न जमल्यास आपल्याला विचारून पैसे परत करू किंवा आपण सांगाल त्या कामी लावू. शिल्लक राहिल्यास ती पुढील हंगामातील याच वर्गासाठी राखून ठेवू.
>
> आम्ही आपल्याला तीन वेळा कळवू: १५ डिसेंबरला वर्ग सुरू झाल्याचं आणि मुलांच्या संख्येचं, १५ फेब्रुवारीला हजेरी आणि तोपर्यंतच्या खर्चाचं, आणि ३१ मेपर्यंत पूर्ण हिशेब. तळाला भेट द्यायची असल्यास आधी फोन करावा.
>
> आपले नम्र, (दोन विश्वस्तांच्या सह्या)

सोबत नोंदणी क्रमांक, खात्याचा तपशील आणि पावतीसाठी नाव, पत्ता, पॅन मागणारा भाग. बस्स.

या पत्रात काय नाही तेही पाहा. रडणाऱ्या मुलाचा फोटो नाही. कोणा मुलाचं नाव नाही. पालक तळावर असतात, त्यांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे छापायचे नाहीत, आणि विचारलं तरी ते नाही म्हणू शकतील अशा पद्धतीने विचारायचं. ज्या मुकादमाच्या शब्दावर त्यांची उचल ठरते, त्याच्यासमोर विचारलेल्या प्रश्नाला "हो" म्हणण्याशिवाय त्यांना पर्याय नसतो.

पत्र कधी पाठवायचं? ऑगस्टच्या शेवटी. बऱ्याच संस्था मार्चमध्ये मागतात, कारण तेव्हा लोक कर वाचवायच्या विचारात असतात. पण मार्चमध्ये आलेला पैसा नोव्हेंबरच्या वर्गासाठी सात-आठ महिने पडून राहतो आणि आर्थिक वर्षही बदलतं. संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्या वर्षात कामाला लावायचा, हा आयकराचा नियम आहे. पुढे ठेवायचा असेल तर वेळेत वेगळं कळवावं लागतं. ते विसरलं की कर संस्थेला भरावा लागतो, आणि तो देणगीदाराच्या पैशातून जातो.

परत कळवणं

आता हंगाम संपला असं समजू. ठरल्याप्रमाणे काही झालं नाही, नेहमीप्रमाणे. कारखान्याचा पट्टा लवकर पडला, वर्ग १०४ दिवसच चालला. नावं नोंदवली ४६ मुलांनी, पण टोळ्या एका तळावरून दुसऱ्या तळावर जात राहिल्या, म्हणून रोजची सरासरी हजेरी २९ राहिली. तांदूळ-डाळ महागल्याने जेवण ३० ऐवजी ३२ रुपयांना पडलं.

आता मूल-दिवस कामाला येतात. २९ गुणिले १०४ म्हणजे ३,०१६ मूल-दिवस. जेवणाचा खर्च ३,०१६ गुणिले ३२, म्हणजे ९६,५१२ रुपये. साहित्य ४६ मुलांना दिलं, २७,६०० रुपये, म्हणजे अंदाजापेक्षा ३,६०० जास्त. शिक्षिकांना चार महिन्यांचं वचन होतं, ते पूर्ण ७२,००० दिलं. शेड, प्रवास, ऑफिस ठरल्याप्रमाणे ६०,०००. एकूण खर्च २,५६,११२. शिल्लक ४३,८८८ रुपये.

बऱ्याच अहवालांत इथे काय लिहिलं जातं? "४६ विद्यार्थ्यांना लाभ." आकडा खोटा नाही. पण ज्याने चाळीस मुलांसाठी पैसे दिले त्याला वाटतं, वा, अंदाजापेक्षा जास्त काम झालं. खरं तर ४,८०० पैकी ३,०१६ मूल-दिवस झाले, शंभरातले त्रेसष्ट. अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवा. त्याच्याखाली कारण लिहा, आणि पुढच्या वर्षी काय बदलणार तेही लिहा: "टोळ्या हलतात, म्हणून पुढच्या हंगामात एक शिक्षिका दोन तळांवर फिरती ठेवू आणि जेवणाचा अंदाज तीस मुलांचा धरू." आमचा अनुभव असा की देणगीदार कमी आकड्याने दुरावत नाही. तो दुरावतो ते नंतर दुसऱ्याकडून कळलं तर.

तळावर आणखी एक गोष्ट मोजता येते. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. मूल आपल्या गावाहून निघताना ते घेऊन आलं का, आणि परतताना इथली हजेरी मूळ शाळेने धरली का, हे विचारा. ४६ पैकी किती मुलांचं गावच्या शाळेतलं नाव टिकलं, हा आकडा जेवणाच्या आकड्यापेक्षा मिळवायला अवघड आहे, पण वर्ग कशासाठी चालवला याचं उत्तर त्यातच आहे. दोन महिन्यांनी मूळ शाळेला फोन करावा लागतो. तो फोन कोण करणार, हे ऑक्टोबरमध्येच ठरवून ठेवा.

प्रश्नोत्तरांतून

*"सगळे पैसे एकाच बँक खात्यात येतात. मग हेतूप्रमाणे वेगळे कसे ठेवायचे?"*

बँक खातं वेगळं लागत नाही. खतावणीत वर्गाच्या नावाचं वेगळं खातं उघडा, आणि पावतीवर "ऊसतोड मुलांचा वर्ग" असा हेतू लिहा. ताळेबंदात शिल्लक "राखीव, विशिष्ट हेतूचा निधी" म्हणून वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. देणगीदाराकडची पावती, आपल्याकडची खतावणी आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात जाणारे हिशेब, या तिन्ही ठिकाणी एकच आकडा दिसला की झालं. पैसे परदेशातून येणार असतील तर मात्र वेगळा कायदा आहे. त्याची नोंदणी आणि नेमून दिलेलं खातं असल्याशिवाय ते घेऊच नका, नातेवाइकाने प्रेमाने पाठवले तरी.

*"करसवलत मिळेल असं पत्रात ठळक लिहावं का?"*

आपली ८०जी मान्यता चालू असेल तर लिहा, पण सावधपणे. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही. आणि ज्यांनी नवीन करप्रणाली निवडली आहे त्यांनाही ती मिळत नाही. "आपल्याला करसवलत मिळेल" असं सरसकट लिहिलं आणि देणगीदाराला ती मिळाली नाही, तर राग आपल्यावरच निघतो. "लागू असल्यास" एवढे दोन शब्द घाला. देणगीदारांची माहिती आयकर खात्याला वेळेत कळवून प्रमाणपत्र द्यायची जबाबदारी संस्थेची आहे, म्हणूनच सुरुवातीलाच पॅन मागायचा. नवा आयकर कायदा लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून जुन्या पावतीपुस्तकावरचा मजकूर तसाच वापरण्याआधी तुमच्या सनदी लेखापालांना दाखवा.

*"कायम निधीला दिलेले पैसे यात धरता येतात का?"*

नाही. कायम निधी म्हणजे मुद्दल तसंच ठेवायचं आणि त्याच्या व्याजावर काम करायचं. त्यासाठी देणगीदाराने स्वतः लेखी तसं सांगितलेलं असावं लागतं. आपण आपल्या मनाने एखादी मोठी देणगी कायम निधीत टाकू शकत नाही. रमाबाईंची केडगावची जमीन ही एका अर्थाने कायम निधीची कल्पना होती. चालू मदत थांबेल तेव्हाची सोय. ती सोय हवी असेल तर तिच्यासाठी वेगळं पत्र लिहा. वर्गाच्या पत्रात तिची भेसळ करू नका.

*"गावातून धान्य, भाजी, गूळ येतो. त्याचं काय करायचं?"*

त्याची नोंद वही ठेवून करा. तारीख, देणाऱ्याचं नाव, वजन. रुपयांत किंमत लावून देणगीच्या आकड्यात मिसळू नका, नाहीतर जेवणाचा दर ३२ की २६ हे कोणालाच कळणार नाही. अहवालात वेगळी ओळ लिहा: "गावातून इतके किलो ज्वारी, इतके किलो गूळ." ज्या घरातून दोन पायल्या ज्वारी आली त्या घरीही तीन पत्रं गेली पाहिजेत, डिसेंबरचं, फेब्रुवारीचं आणि मेचं. तेही देणगीदारच आहेत.

वेळ संपली आहे, म्हणून इथे थांबतो. पुढच्या वेळी आपण प्रत्यक्ष खतावणी आणि ताळेबंद घेऊन बसू. येताना आपल्या संस्थेचं गेल्या वर्षीचं आवाहन पत्र आणि त्याचा अहवाल, दोन्ही सोबत आणा. शेजारी ठेवून वाचू.